लेबलावरची गीता रॉय

माझ्या टेबलावर मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची एक तबकडी ठेवलेली आहे. १९५१ साली आलेल्या ‘बाजी’ या चित्रपटातले ‘तदबीर से बिगडी हुई’ हे गाणे तिच्यावर आहे आणि गाण्याच्या ओळीखाली गायिकेचे नाव छापले आहे, गीता रॉय. हेच गाणे आज फोनवर शोधले, तर गायिका म्हणून गीता दत्त हे नाव समोर येते. आवाज एक, गाणे एक, ध्वनिमुद्रणही एकच. मात्र कागदावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे. जुन्या ध्वनिमुद्रिकांची सूची करायला मी बसलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात या तबकडीने मला अडवले, कारण सूचीत ‘गायक’ या रकान्यात एकच नाव लिहिण्याची सोय होती आणि त्यात कोणते लिहावे हे मला ठरवता येईना.

या गायिकेपुरते उत्तर सोपे वाटते. जन्माने त्या गीता घोष रॉय चौधुरी. गाऊ लागल्या तेव्हा इतके लांब नाव आखूड होऊन गीता रॉय झाले, आणि १९४७ च्या ‘दो भाई’पासून हेच नाव घराघरांत पोहोचले. १९५३ साली त्यांनी ‘बाजी’चेच दिग्दर्शक गुरुदत्त यांच्याशी लग्न केले आणि त्यानंतर त्या गीता दत्त या नावाने गाऊ लागल्या. येथे आणखी एक गाठ आहे. गुरुदत्त यांचे आडनाव पडुकोण होते; दत्त हा त्यांच्या आडनावाचा नव्हे, तर नावाचा भाग होता. म्हणजे ज्याला आपण गायिकेचे लग्नानंतरचे आडनाव समजतो, तो मुळात तिच्या पतीच्या पहिल्या नावाचा उत्तरार्ध आहे. ‘खरे नाव’ या रकान्यात यातले काय लिहायचे? जन्मनाव लिहिले तर ते श्रोत्यांच्या ओळखीचे नाही, गीता दत्त लिहिले तर माझ्या हातातल्या तबकडीवर ते नाही, आणि गीता रॉय लिहिले तर पुढच्या सगळ्या कारकिर्दीपासून ही तबकडी तुटून पडते.

नव्या सूच्या या पेचातून दोन वाटांनी बाहेर पडतात आणि दोन्ही वाटांनी काहीतरी हरवते. पहिल्या वाटेने सगळीकडे गीता दत्त लिहिले जाते. मग १९४७ चे गाणेही जणू त्यांनी दत्त या नावानेच गायले होते असा समज होतो, आणि जुन्या लेबलावरचे नाव हाताशी धरून शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. दुसऱ्या वाटेने लेबलावर जे असेल ते जसेच्या तसे टंकले जाते आणि संगणक दोन नावांच्या दोन गायिका तयार करतो: एक १९५३ च्या सुमारास गायची थांबते आणि दुसरी त्याच सुमारास, तयार गळ्याने, आधीचा काहीही इतिहास नसताना उभी राहते. कारकिर्दीच्या मधोमध अशी सरळ रेघ दिसली की तेथे नाव बदलले असावे, ही शंका मी आता सवयीने घेतो.

माझी चूक अशी होती की, दोन वेगळ्या प्रश्नांना मी एकाच रकान्यात उत्तर शोधत होतो. या तबकडीवर कोणते नाव छापले आहे, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर तबकडी देते आणि ते कधीही बदलत नाही. गाणारी व्यक्ती कोण, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर पुरावे जमवून द्यावे लागते आणि नवा पुरावा आला तर ते बदलूही शकते. ज्या सूच्या जाणत्या लोकांनी बांधल्या आहेत, त्यांत हे दोन रकाने वेगळे असतात. डिस्कॉग्ज या इंटरनेटवरच्या सूचीत एकाच कलाकाराच्या नोंदीखाली त्याच्या नावाची छापील रूपे वेगळी नोंदवता येतात. म्युझिकब्रेन्झ या तशाच दुसऱ्या सूचीत कलाकाराची ओळख एका जागी असते आणि त्या त्या ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव कसे आले, हे दुसऱ्या जागी. मी माझ्या सूचीत हेच केले. ‘छापील नाव: गीता रॉय. व्यक्ती: गीता दत्त.’ दोन्ही नावे शोधात सापडतात आणि कोणतेही नाव दुसऱ्याला पुसत नाही.

छापील नाव जपण्यात आणखी एक लाभ आहे, तो मला बऱ्याच उशिरा कळला. नाव हा कालखुणेसारखा पुरावा असतो. १९५३ पूर्वीच्या एखाद्या चित्रपटाचे गाणे आहे आणि लेबलावर गीता दत्त आहे, असे दिसले तर ती तबकडी मूळ आवृत्तीतली नाही, लग्नानंतर पुन्हा काढलेली आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. लेबलावर गीता रॉय असले म्हणजे ती तबकडी १९५३ पूर्वीच दाबलेली आहे, असे सिद्ध होत नाही, कारण मागणी असलेल्या तबकड्या जुन्याच लेबलाने पुढेही काढल्या जात. म्हणूनच सूचीकाराने छापील नाव ‘दुरुस्त’ केले, तर तो नकळत साल ठरवण्याचे एक साधन फेकून देतो.

आता आवृत्तीचा विषय निघालाच आहे तर क्रमांकांविषयी सांगितले पाहिजे, कारण नावांचा गुंता बहुतेक वेळा तेथेच सुटतो. लाखेच्या तबकडीवर साधारणपणे दोन क्रमांक असतात. लेबलावर ठळक छापलेला क्रमांक विक्रीचा. दुकानदार आणि ग्राहक तोच सांगत. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, ज्याला संग्राहक मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. हा बहुधा खोबण संपल्यावर लेबलाच्या कडेला जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावर कोरलेला असतो, आणि कधी कधी लेबलावरही बारीक अक्षरांत येतो. विक्रीचा क्रमांक तबकडीच्या दोन्ही बाजूंना मिळून एक असतो, तर मॅट्रिक्स क्रमांक प्रत्येक बाजूचा वेगळा, कारण तो त्या एका गाण्याच्या मूळ साच्याचा असतो. तो वाचायला मी तबकडी उजेडाकडे तिरपी धरतो आणि छोटी विजेरी अगदी आडवी लावतो. सरळ प्रकाशात काहीच दिसत नाही. आडव्या प्रकाशात अक्षरांच्या कडांवर सावली पडते आणि आकडे उठून येतात. शेवटी लावलेला एखादा जादा आकडा किंवा अक्षर असेल, तर तेही टिपून ठेवावे लागते, कारण गाणे किती वेळा मुद्रित झाले आणि त्यातला कितवा प्रयत्न या तबकडीवर आला, हे अनेक कंपन्या तेथे नोंदवत.

लेबल हा कागद आहे आणि तो केव्हाही बदलता येतो. मॅट्रिक्स क्रमांक धातूच्या साच्यातून येतो. म्हणून दोन तबकड्यांवर दोन नावे असली आणि दोन्हींचा मॅट्रिक्स क्रमांक प्रयत्नाच्या खुणेसकट एकच निघाला, तर ते एकच ध्वनिमुद्रण आहे. मग गाणारी व्यक्तीही एकच, यात शंका राहत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. १८८३ साली जन्मलेल्या मॅरियन ट्राय स्लॉटर या गायकाने टेक्सासमधल्या दोन गावांची नावे जोडून व्हर्नन डालहार्ट हे नाव घेतले. पुढे त्याची ध्वनिमुद्रणे अनेक कंपन्यांच्या स्वस्त लेबलांवर निघाली आणि त्यांवर त्याची नावे इतकी बदलत गेली की त्यांची संख्या शंभराच्या वर सांगतात. त्याची सूची करणाऱ्यांना या क्रमांकांचा मोठा आधार होता. मर्यादा इतकीच की पडताळा एकाच दिशेने पक्का आहे. क्रमांक जुळले तर ध्वनिमुद्रण एक, पण जुळले नाहीत म्हणून गायक वेगळा असे होत नाही. तेच गाणे त्याच गायकाने दुसऱ्या दिवशी पुन्हा गायले असेल, किंवा जुन्या तबकडीवरून नवा साचा करताना नवा क्रमांक पडला असेल.

क्रमांकाने सुटत नाही अशीही एक जात आहे, आणि तिचे उदाहरण आपल्या सर्वांच्या कानांत आहे. १९४९ सालच्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे लता मंगेशकरांनी गायले. पहिल्या तबकडीच्या लेबलावर मात्र गायिकेचे नाव होते कामिनी. हे त्यांनी घेतलेले नाव नव्हते. चित्रपटात मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे ते नाव होते, आणि तेथेही खोलवर पाहिले तर पात्राचे खरे नाव आशा असते. ती कामिनी असल्याचे भासवत असते. म्हणजे लेबलावरचे नाव गायिकेचे नाही, अभिनेत्रीचे नाही आणि कथेतल्या मुलीचेही नाही. असे का छापले गेले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. पडद्यावरचे नट स्वतः गात असत त्या काळात पात्राचे किंवा नटाचे नाव तबकडीवर देणे स्वाभाविक होते. पार्श्वगायन रुळले तरी लेबलाची ती रीत मागे रेंगाळली.

श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा गायिकेचे नाव कंपनीकडून मिळवून ते प्रसारित करण्यात आले, ही हकिगत स्वतः लताबाईंनी सांगितलेली आहे. सूचीकाराच्या दृष्टीने मला ती मोलाची वाटते, कारण येथे ओळख पटवणारा पुरावा आवाजाच्या साधर्म्याचा नाही. गायिकेचे स्वतःचे सांगणे आहे आणि पुढच्या आवृत्त्यांवर छापलेले तिचे नावही आहे. आवाज ओळखणे हा आपल्याकडच्या रसिकांचा फार आवडता पुरावा असतो, पण तो एकटा पुरत नाही. त्याच ‘महल’मध्ये राजकुमारी या दुसऱ्या पार्श्वगायिकेचीही गाणी आहेत. केवळ ‘स्त्री-आवाज, १९४९, महल’ एवढ्यावर नाव ठोकून देणाऱ्याची चूक कशी होईल, हे यावरून दिसते. कामिनी हे नाव मी माझ्या सूचीत छापील नावाच्या रकान्यात ठेवले आहे आणि त्यापुढे ‘पात्राचे नाव’ अशी खूण केली आहे. ही खूण आवश्यक आहे. ती नसेल तर पुढचा कोणी सूचीकार कामिनी हे लताबाईंचे टोपणनाव समजेल आणि लेबलावर कामिनी दिसणारी कोणतीही तबकडी त्यांच्या नावे लावून टाकील.

टोपणनावाचा खरा प्रकार पाहायचा तर तलत महमूद यांच्याकडे पाहावे. त्यांची पहिली तबकडी स्वतःच्या नावाने निघाली. पुढे कोलकात्यात त्यांनी बंगाली गाणी गायली, ती तपनकुमार या नावाने. गीता रॉय यांच्या बाबतीत एक नाव संपले आणि दुसरे सुरू झाले; येथे दोन्ही नावे एकाच काळात, शेजारी शेजारी चालली, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट साल नसून भाषा होती. म्हणून येथे तारखेची रेघ ओढून काही हाती लागत नाही. कोणते गाणे कोणत्या भाषेत आणि कोणत्या बाजारासाठी काढले, हे पाहावे लागते. हेमंतकुमार आणि हेमंत मुखोपाध्याय ही जोडीही याच जातीची आहे, फक्त तेथे दोन्ही नावे इतकी प्रसिद्ध आहेत की कोणी फसत नाही. तपनकुमार या नावाविषयी मात्र दक्ष राहायला हवे. ते बंगालीत सहज आढळणारे नाव आहे, आणि लेबलावर तपनकुमार दिसला की तो तलतच, असा नियम करता येत नाही. साल, कंपनी, गीतकार-संगीतकार आणि मग आवाज, अशा क्रमाने पडताळूनच ते नाव त्यांच्या नोंदीला जोडावे.

आतापर्यंतचे सगळे पेच एका व्यक्तीच्या अनेक नावांचे होते. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक मात्र उलट्या पेचातली आहे, एका नावाच्या अनेक व्यक्तींची. गेल्या शतकाच्या आरंभी मलकाजान नावाच्या एकाहून अधिक गायिका प्रसिद्ध होत्या. त्यांना ओळखण्यासाठी गावाचे किंवा अन्य काही बिरूद जोडले जाई: आग्र्याची मलकाजान, बनारसची मलकाजान, चुलबुली मलकाजान. बनारसच्या मलकाजानला थोरली म्हणूनही ओळखत आणि ती गौहरजान यांची आई. मला हे वाचून ठाऊक होते. तरीही एका रात्री सूची साफ करताना मला मलकाजान नावाच्या दोन नोंदी दिसल्या, दोन्हींखाली त्याच काळातल्या तबकड्या होत्या, आणि मी त्या एकाच व्यक्तीच्या समजून एकत्र केल्या. माझ्याजवळ तबकड्या नव्हत्या, लेबलांची छायाचित्रे होती, आणि त्यांतले एक छायाचित्र नावाच्या ओळीखालीच कापलेले होते.

काही दिवसांनी एका ज्येष्ठ संग्राहकांचा फोन आला. त्यांच्या कपाटात ती तबकडी होती आणि तिच्या लेबलावर पुढच्या ओळीत ‘ऑफ आग्रा’ असे शब्द होते. ते म्हणाले, “अहो, तुम्ही फोटो पाहिलात, तबकडी कुठे पाहिलीत?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मी त्या दिवशी फार खजील झालो. चूक सुधारणे हे चूक करण्यापेक्षा कितीतरी कठीण निघाले. दोन नोंदी एकत्र करायला एक कळ पुरली होती. एकत्र झाल्यावर मात्र कोणती तबकडी आधी कोणत्या नोंदीखाली होती याची खूण राहिली नव्हती, आणि मला प्रत्येक तबकडीचे पूर्ण लेबल नव्याने मिळवून एकेक बाजू पुन्हा वाटावी लागली. सातआठ बाजूंचे लेबल आजही मला मिळालेले नाही. त्या मी ‘मलकाजान, कोणती ते अनिश्चित’ अशा तिसऱ्या नोंदीखाली ठेवल्या आहेत आणि पुरावा येईपर्यंत त्या तेथेच राहतील. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. दोन नोंदी वेगळ्या राहिल्याने होणारे नुकसान कधीही भरून काढता येते, म्हणून शंका असेल तोवर मी त्या वेगळ्याच ठेवतो.

बिरूद गळून पडण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. नवी यादी करणाऱ्याला नावाचा रकाना स्वच्छ हवा असतो. ‘मिस’, ‘मास्टर’, ‘बाई’, ‘ऑफ आग्रा’ ही त्याला नावाला चिकटलेली धूळ वाटते आणि ती तो झटकून टाकतो. पण या गायिकांच्या बाबतीत गाव हाच नावातला निर्णायक भाग होता. नामसाधर्म्याचा घोळ किती दूर जातो, हे शमशाद बेगम यांच्या बाबतीत दिसले. २००४ च्या सुमारास या पार्श्वगायिकेचे निधन १९९८ मध्येच झाल्याचे काही माध्यमांनी छापले. प्रत्यक्षात निधन झाले होते ते सायरा बानो यांच्या आजीचे. त्यांचे नावही शमशाद बेगम आणि त्याही गाणाऱ्या. पार्श्वगायिका शमशाद बेगम २०१३ पर्यंत हयात होत्या. एका नोंदीत दोन आयुष्ये मिसळली की जिवंत माणसाच्या नावापुढे मृत्यूचे साल पडते, आणि ते मग एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत जाते.

गौहरजान यांच्याबाबतीत मात्र तबकडी स्वतःच बोलते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी त्यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळातल्या त्यांच्या तबकड्यांवर गाणे संपता संपता त्या इंग्रजीत आपले नाव सांगताना ऐकू येतात. मूळ साचे छपाईसाठी जर्मनीत हानोव्हरला जात, आणि तेथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही रीत पडली असे सांगतात. लेबल फाटलेले असो, नवी यादी काहीही म्हणो, खोबणीतला तो आवाज स्वतःचे नाव सांगून जातो. दुर्दैवाने डिजिटल आवृत्त्या करताना कोणी कोणी हे शेवटचे शब्द ‘गाण्याचा भाग नाही’ म्हणून कापून टाकतो. मी जुन्या तबकडीचे संगणकीकरण करतो तेव्हा सुई टेकल्यापासून उचलेपर्यंतचा संपूर्ण आवाज एका फाइलमध्ये जपून ठेवतो आणि ऐकण्यासाठीची साफ केलेली प्रत त्यापासून वेगळी करतो.

याच गौहरजान यांचे जन्मनाव अँजेलिना योवर्ड होते. लहानपणीच आईने धर्मांतर केले आणि मुलीचे नाव गौहरजान झाले. गायला लागल्या त्या याच नावाने, आणि स्वतःच्या तोंडाने तबकडीवर सांगितले तेही हेच. तरीही नव्या याद्यांत ‘खरे नाव: अँजेलिना योवर्ड’ असे लिहिलेले आढळते, आणि हा शब्दप्रयोग मला दर वेळी खटकतो. जन्मनाव म्हणावे, त्याला काही हरकत नाही. पण जे नाव तिने बालपणापासून मरेपर्यंत वापरले ते खोटे, आणि जे सोडून दिले ते खरे, असे म्हणण्याचा अधिकार सूचीकाराला कोणी दिला?

हा प्रश्न हिराबाई बडोदेकर यांच्या घरापाशी आणखी अवघड होतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुले. वडिलांकडे हिराबाईंचे नाव चंपाकली होते आणि थोरल्या भावाचे अब्दुल रहमान. आईवडील वेगळे झाल्यावर मुले आईकडे राहिली आणि जगापुढे आली ती हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे या नावांनी. सख्खी भावंडे, गाणे एका घरातले, आडनावे तीन. यातली कोणती नावे खरी आणि कोणती रंगमंचावरची? मला वाटते, येथे तो भेदच लागू पडत नाही. म्हणून मी माझ्या सूचीतून ‘खरे नाव’ हा रकाना काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘जन्मनाव’, ‘अन्य नावे’ आणि प्रत्येक नावापुढे ‘कोठे व केव्हा वापरले’ एवढेच ठेवले. भावंडांचे नाते वेगळ्या ओळीत लिहिले, कारण आडनावांवरून ते कोणालाही कळणार नाही.

आडनावांवरून नसलेले नातेही तयार होते, हे जाता जाता सांगायला हवे. वर्णानुक्रमे लावलेल्या एका नव्या यादीत मला ‘गंधर्व, कुमार’, ‘गंधर्व, छोटा’, ‘गंधर्व, बाल’ आणि ‘गंधर्व, सवाई’ असे चौघे एका कुटुंबातल्यासारखे ओळीने उभे दिसले. संगणकाने शेवटचा शब्द आडनाव धरला होता. नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर नागनाथ गोरे आणि शिवपुत्र कोमकली यांचा रक्ताचा संबंध काहीच नाही. गंधर्व ही पदवी आहे. तिचे दोन तुकडे करता येत नाहीत. बालगंधर्व हे नाव ‘ब’खालीच लागले पाहिजे आणि तेथे राजहंस या नावाकडून बोट दाखवणारी एक ओळ असली पाहिजे. सवाई गंधर्वांच्या बाबतीत तर कुंदगोळकर हे नावही गावावरून आलेले आहे आणि मूळ आडनाव सौंशी असल्याचे चरित्रांत मिळते. म्हणजे बोट दाखवणाऱ्या ओळी दोन लागतात.

हल्ली अनेक जण म्हणतात की, प्रत्येक कलाकाराला एक जागतिक क्रमांक मिळाला की हा गोंधळ मिटेल. असा सोळा अंकी क्रमांक आहे, त्याला आयएसएनआय म्हणतात, आणि तो उपयोगी आहे यात वाद नाही. पण तो नेमका कशाला दिला जातो हे पाहावे. तो माणसाच्या देहाला नव्हे, तर त्याच्या सार्वजनिक ओळखीला दिला जातो. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन वेगळ्या ओळखींना दोन क्रमांक असू शकतात, आणि ते एकमेकांशी जोडायचे की नाही, हे पुन्हा कोणीतरी पुरावा पाहूनच ठरवायचे असते. ध्वनिमुद्रणांना मिळणारा आयएसआरसी हा दुसरा संकेत १९८० च्या दशकात आला. लाखेच्या तबकड्यांना तो असणे शक्यच नव्हते. त्यांच्या डिजिटल आवृत्त्या निघाल्या तेव्हा तो दिला गेला, आणि त्या दिवशी टंकणाऱ्याने जे नाव भरले तेच त्याच्यासोबत सर्वत्र पसरले. क्रमांक बरोबर असूनही नाव चुकीचे, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे नवी यादी आणि जुने लेबल यांत फरक दिसला, तर लेबलावर काय छापले होते याबाबत मी लेबलाचेच ऐकतो. गाणारी व्यक्ती कोण याबाबत दोघांपैकी कोणाचेही एकट्याचे ऐकत नाही.

‘बाजी’च्या तबकडीची नोंद मी शेवटी पूर्ण केली. छापील नावात गीता रॉय, लेबलावरच्या स्पेलिंगसह. व्यक्ती गीता दत्त, जन्मनाव वेगळ्या ओळीत. विक्रीचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, आणि ते मी स्वतः तबकडीवरून वाचले की छायाचित्रावरून, याचा उल्लेख. त्याखाली ‘नव्या यादीत गीता दत्त’ असा फरक आणि तो पाहिल्याची तारीख, कारण ती यादी उद्या बदलेल. या तबकडीच्या दुसऱ्या बाजूची पट्टी मात्र लेबलाजवळ इतकी झिजली आहे की मॅट्रिक्स क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे आडव्या उजेडातही दिसत नाहीत. तेथे मी अंदाज न लिहिता दोन रिकाम्या चौकटी काढून ठेवल्या आहेत, आणि ज्यांच्याकडे याच तबकडीची दुसरी प्रत असण्याचा संभव आहे, अशा त्या ज्येष्ठ संग्राहकांना कालच पत्र टाकले आहे.